कार्बन प्लेटचे शूज: कोणाला फायदा, कोणाला धोका आणि सरावात कसे आणायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास शूजबद्दलच्या प्रश्नांचा ओघ सुरू होतो आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कार्बन प्लेटबद्दल असतात. इथली उत्तरं मुख्यतः साडेतीन ते पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या हौशी धावपटूंसाठी आहेत. या शूजवरची बहुतेक चर्चा मात्र अव्वल धावपटूंना धरून होते, आणि आपली गल्लत तिथेच होते.

१. कार्बन प्लेटचे शूज म्हणजे नेमकं काय? साध्या रनिंग शूजपेक्षा त्यांत वेगळं काय असतं?

तळव्याखाली तीन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली म्हणजे जाड, हलका आणि उसळी घेणारा फोम. दुसरी, त्या फोमच्या पोटात बसवलेली चमच्यासारखी वळलेली ताठ कार्बन पट्टी. तिसरी, पुढच्या बाजूला वर उचललेला तळ, ज्यामुळे पाऊल आपसूक पुढे कलंडतं. या सगळ्याची सुरुवात २०१७ मध्ये नाइकेच्या व्हेपरफ्लायने झाली. आता जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचा असा एक तरी शू आहे.

हा शू हातात घेऊन वाकवून बघा. साधा शू चवड्यापाशी सहज दुमडतो, हा दुमडत नाही. मग टाचेच्या फोमवर अंगठा दाबा. तो सहज आत जातो आणि सोडल्याबरोबर फोम पुन्हा वर येतो. वाकायला ताठ आणि दाबायला मऊ, असा हा मेळ आहे. पुढे फायद्याबद्दल आणि दुखापतीबद्दल जे काही येईल, त्याचं मूळ यातच आहे.

२. वेग प्लेटमुळेच मिळतो ना? ती स्प्रिंगसारखी पुढे ढकलते असं ऐकलं आहे.

समज तसाच आहे, पण मोठा वाटा फोमचा असावा असं दिसतं. कोलोराडो विद्यापीठात व्हेपरफ्लायची पहिली चाचणी झाली. त्यात तिचा तळ दाबून सोडल्यावर सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत मिळाली. तुलनेला घेतलेल्या त्या काळच्या दोन नामांकित रेसिंग शूजमध्ये हेच प्रमाण साधारण ७६ आणि ६६ टक्के होतं. पुढे संशोधकांनी एक सरळ प्रयोग केला. व्हेपरफ्लायची प्लेट आडवी कापून तिचा ताठपणा घालवला आणि धावपटूंना त्याच शूजमध्ये पुन्हा पळवलं. ऊर्जेच्या खर्चात नजरेत भरावा असा फरक पडला नाही.

म्हणून प्लेट निरुपयोगी ठरत नाही. इतका मऊ आणि जाड फोम एकटा असता तर पायाखाली डगमगला असता. प्लेट त्याला आकार देते आणि पायाच्या बोटांच्या सांध्याचं वाकणं कमी करते. खरेदी करताना मात्र ‘कार्बन’ हा शब्द पाहून पैसे मोजू नका. स्वस्त, कडक फोममध्ये कार्बनची पट्टी घातलेला शू म्हणजे नुसता ताठ शू.

३. ४ टक्के फायदा होतो म्हणतात. म्हणजे माझी मॅरेथॉन ४ टक्क्यांनी लवकर संपेल?

नाही. त्या चाचणीत ४ टक्के बचत झाली ती ऊर्जेच्या खर्चात, म्हणजे ठरावीक वेगाने पळताना शरीर किती इंधन जाळतं यात. चाचणीतले १८ धावपटू अतिशय वेगवान होते आणि ताशी १४, १६ व १८ किलोमीटरने पळत होते. ४ टक्के ही सगळ्यांची सरासरी होती. कोणाला दीड टक्क्याच्या आसपास बचत मिळाली, तर कोणाला सहा टक्क्यांच्या वर.

वेग जास्त असेल तर हवेचा विरोधही वाढतो. त्यामुळे वाचलेल्या ऊर्जेतली काही त्यातच खर्च होते आणि वेळेतली बचत टक्केवारीपेक्षा कमी भरते. हौशी वेगाला हवेचा विरोध फारसा जाणवत नाही. तिथे ऊर्जेतली एक टक्का बचत म्हणजे वेळेतही जवळपास एक टक्का, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. आपल्या वेगाला ऊर्जेची बचतच किती होते, हा खरा प्रश्न आहे. तो पुढे घेतला आहे.

४. मी किलोमीटरला ६ मिनिटांनी पळतो. मला काही उपयोग आहे का?

उपयोग थोडा आहे, आणि होईलच याची खात्री नाही. ताशी १० आणि १२ किलोमीटर या वेगांवर व्हेपरफ्लायच्या पुढच्या आवृत्तीची स्वतंत्र चाचणी झाली आहे. १२ च्या वेगाला सरासरी बचत सुमारे १.४ टक्के निघाली, १० च्या वेगाला सुमारे ०.९ टक्के. काही जणांचा खर्च तर या शूजमध्ये वाढला.

हे मिनिटांत मांडून पाहू. किलोमीटरला ६ मिनिटं म्हणजे पूर्ण मॅरेथॉन साधारण ४ तास १३ मिनिटांत. त्याचे ०.९ टक्के म्हणजे सव्वादोन मिनिटं. किलोमीटरला ५ मिनिटांनी पळणाऱ्याची मॅरेथॉन ३ तास ३१ मिनिटांची, तिथे १.४ टक्के म्हणजे तीन मिनिटं. जो ३ तास ३२ मिनिटांवर अडला आहे आणि ज्याला साडेतीनच्या आत यायचं आहे, त्याच्यासाठी ही तीन मिनिटं मोलाची आहेत. पण ज्याची मॅरेथॉन ३२ व्या किलोमीटरनंतर चालण्यावर येते, त्याने वीस हजारांच्या आसपासची ही खरेदी पुढच्या वर्षावर ढकलावी आणि लाँग रन वाढवावेत. सुरुवातीचा पेस आवरला आणि वेळेवर खाल्लं-प्यायलं, तर त्याची वीस मिनिटंही वाचू शकतात.

हळू वेगाला फायदा का घटतो? पाय जमिनीवर जितक्या जोराने पडतो, तितका फोम दबतो आणि तितकाच परत उसळतो. वेग कमी असेल तर फोमला पुरतं दबायला ते बळच मिळत नाही.

५. मग हे शूज मला लागू पडतात की नाही, ते स्वतः कसं तपासायचं?

श्वासातला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रयोगशाळेशिवाय अचूक उत्तर मिळत नाही. व्यक्तिगणिक फरकही प्रचंड असतो. केनियाच्या जागतिक दर्जाच्या धावपटूंच्या एका चाचणीत एकीकडे ११ टक्क्यांच्या आसपास तोटा आणि दुसरीकडे जवळपास तितकाच फायदा, इतकी तफावत आढळली. अव्वल पायांनाही हे शूज सरसकट मानवत नाहीत, एवढं त्यावरून नक्की कळतं.

मैदानावर ढोबळ अंदाज मात्र घेता येतो. पहाटे, ऊन चढायच्या आत, सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर दीड-दीड किलोमीटरच्या चार फेऱ्या एकाच पेसने मारा. पहिली रोजच्या शूजमध्ये, दुसरी व तिसरी कार्बनच्या, चौथी पुन्हा रोजच्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. उकाड्याने आणि थकव्याने हृदयाचे ठोके आपोआप चढत जातात, आणि या क्रमाने तो चढ दोन्ही जोड्यांना सारखा वाटला जातो. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची ठोक्यांची सरासरी छातीच्या पट्ट्याने मोजा. मनगटी घड्याळाचे आकडे इथे पुरेसे भरवशाचे नसतात.

ही चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी करून दोन्ही वेळा कार्बनमध्ये चार-पाच ठोके कमी दिसले, तर फायदा खरा मानायला हरकत नाही. फरक एक-दोन ठोक्यांचा असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. झोप नीट झाली नाही तरी तेवढा फरक पडतो.

६. मी टाचेवर पळते. हे शूज चवड्यावर पळणाऱ्यांसाठीच आहेत ना?

नाहीत. पहिल्या चाचणीतच टाचेवर आणि चवड्यावर पडणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या धावपटूंना फायदा झाला होता. या शूजसाठी पाऊल टाकण्याची पद्धत बदलायला जाऊ नका. नवा शू आणि नवी पद्धत एकाच वेळी आणली, तर पोटऱ्यांवर दुहेरी भार येतो.

७. या शूजमुळे दुखापती होतात हे खरं आहे का, की नुसती अफवा?

अफवा नाही, पण हे शूज घातले की दुखापत ठरलेलीच, असंही नाही. २०२३ मध्ये क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पाचही जणांना कार्बन प्लेटचे शूज वापरल्यानंतर नॅव्हिक्युलर या हाडाला ताणाची इजा झाली होती. पाच जणांवरून प्रमाण काढता येत नाही आणि दोष शूजचाच होता हेही सिद्ध होत नाही. तरी ती नोंद मी गंभीरपणे घेतो, कारण ते हाडच तसं आहे.

नॅव्हिक्युलर पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, घोट्याच्या थोडं पुढे असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तिथली चीर सावकाश भरते, कधी भरतच नाही आणि शस्त्रक्रियेपर्यंत जाते. साध्या एक्स-रेत ती बरेचदा दिसतही नाही.

शूजशी संबंध कसा लागतो, ते पहिल्या उत्तरातल्या ताठपणावरून समजेल. बोटांचा सांधा नेहमीइतका वाकत नाही, तेव्हा त्याचं काम दुसऱ्या भागांकडे जातं. शिवाय या शूजमध्ये अनेकांची ढांग किंचित लांबते. मिनिटाला पडणारी पावलं कमी होतात आणि प्रत्येक पावलावरचा भार वाढतो. स्नायूंना याची सवय काही आठवड्यांत होते, हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो. पाय ताजेतवाने वाटतात म्हणून माणूस अंतर वाढवत नेतो आणि हाड मागे राहतं. बहुतेक प्रकरणं इथूनच बिघडतात.

८. साधं दुखणं आणि धोक्याचं दुखणं यांतला फरक कसा ओळखायचा?

पहिल्या दोन-तीन वापरांनंतर पोटऱ्या किंवा चवड्याचा तळ भरून येणं नेहमीचं आहे. ते दोन्ही पायांत असतं, पसरलेलं असतं आणि दोन दिवसांत ओसरतं.

धोक्याचं दुखणं बहुधा एकाच पायात येतं. पळताना पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाची नाडी बांधतो त्या भागात खोल ठणका जाणवतो आणि थांबलं की जातो. सुरुवातीला तो इतका मोघम असतो की लोक नाडी घट्ट बांधली गेली असेल म्हणून सोडून देतात. घरी दोन गोष्टी करून पाहा. अंगठ्याने त्या भागातली हाडं एकेक करून दाबा. एकाच जागी बोट ठेवताच कळ आली आणि दुसऱ्या पायात त्याच जागी काही झालं नाही, तर ती खूण आहे. मग त्या पायावर एकदाच, हलकीशी उडी मारा. नेमकी तीच जागा दुखली तर पळणं त्याच दिवसापासून बंद आणि गाठ अस्थिरोगतज्ज्ञांची किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांची. एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआय लागेल का, हे स्पष्ट विचारा. गोळी घेऊन पळत राहिल्याने अनेकांची सहा-आठ आठवड्यांची विश्रांती पुढे सहा-आठ महिन्यांची झाली आहे.

९. कोणी हे शूज घालूच नयेत?

पळायला लागून वर्षही झालेलं नाही त्यांनी. ज्यांना आधी स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय. टाचेमागच्या अकिलिस शिरेचं दुखणं चालू असेल त्यांनी ते बरं होईपर्यंत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल त्यांनीही, कारण आठव्या उत्तरातल्या धोक्याच्या खुणा त्यांना जाणवणारच नाहीत.

एका गटाकडे फार दुर्लक्ष होतं. सराव वाढवला, खाणं मात्र कमी केलं आणि मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, अशा बायका आणि मुली. शरीराला ऊर्जा कमी पडत असल्याची ती खूण आहे आणि त्या अवस्थेत हाडं कमकुवत होतात. पाळी थांबली म्हणजे फिटनेस वाढला, असं सांगणारे लोक अजून भेटतात. ते चूक आहे. आधी पाळीची आणि हाडांची तपासणी, शूज त्यानंतर.

१०. सरावात नेमके कसे आणायचे? आठवड्यांप्रमाणे सांगा.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला एक धावपटू, मॅरेथॉनचं लक्ष्य ४ तास ५ मिनिटं, आठवड्याला चार दिवस मिळून ४५ ते ५० किलोमीटर पळणारा, मुंबईची तयारी करणारा. शूज नोव्हेंबरच्या मध्यावर आले आहेत, म्हणजे हाती नऊ आठवडे आहेत. पुढचे आकडे प्रशिक्षणाच्या अनुभवातले आहेत, कोणत्या प्रयोगातून ठरलेले नाहीत.

सुरुवातीला एक अट: एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं, सलग वीस वेळा, दोन्ही पायांनी जमलं पाहिजे. जमत नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे तोच व्यायाम करा आणि शूज खोक्यातच ठेवा.

पहिल्या आठवड्यात इझी रन रोजच्या शूजमध्ये पूर्ण करायचा. मग शूज बदलून वीस-वीस सेकंदांच्या सहा वेगवान धावा, मध्ये चालत विश्रांती. बस, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात एका सरावात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे मॅरेथॉनच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४८ सेकंदांच्या आसपास. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात टेम्पो रनचे ५ ते ७ किलोमीटर. पाचवा आठवडा मोकळा, शूज घालायचेच नाहीत. हाडांना सावरायला ही फट लागते आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

सहाव्या आठवड्यात २४ किलोमीटरच्या लाँग रनचे शेवटचे ८ कार्बनमध्ये. वाटेत शूज बदलावे लागतील, म्हणून घराभोवती फेऱ्या होतील असा मार्ग निवडा. सातव्या आठवड्यात मुख्य तालीम: रेसचे मोजे, रेसचं खाणं-पिणं आणि १६ ते १८ किलोमीटर पूर्ण कार्बनमध्ये. फोड कुठे येतात, नखं लागतात का, हे याच दिवशी कळतं. आठव्या आठवड्यात ५ किलोमीटर आणि रेसच्या आठवड्यात चार-पाच छोट्या धावा.

या सगळ्याची बेरीज ४५ ते ५० किलोमीटरच्या आसपास होते आणि तेवढी पुरते. आठवड्यातून एकदाच वापर आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा रोजच्या शूजमध्ये अगदी हलकं पळणं, हे दोन नियम मोडू नका. वापराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पहिली पावलं कशी पडतात ते पाहा. एकाच पायात कळ आली तर पुढचा आठवडा शूज बंद आणि आठव्या उत्तरातली तपासणी.

११. रेस दहा दिवसांवर आहे आणि शूज आजच आले. रेसला घालू का?

पूर्ण मॅरेथॉनला नको. ४२ किलोमीटर अनोळखी ताठ शूजमध्ये पळून दोन-तीन मिनिटं वाचवण्यापेक्षा ओळखीच्या शूजमध्ये पळणं चांगलं. १० किलोमीटरची रेस असेल, आधी कधी हाडाची इजा झालेली नसेल आणि दरम्यान दोन छोटे सराव त्यात नीट झाले, तर चालेल.

१२. इतके महाग घेतले आहेत, तर रोज का घालू नयेत?

दोन कारणं आहेत. पायांचं कारण सातव्या उत्तरात आलं आहे. दुसरं शूजच्या आयुष्याचं. उसळी देणारा हा फोम लवकर थकतो. एका अभ्यासात सुमारे ४५० किलोमीटर वापरलेल्या अशा फोमचा साध्या फोमच्या तुलनेतला फायदा उरलाच नाही. रोज घातले तर अडीच-तीन महिन्यांत तुमच्याकडे महागडा, डगमगता आणि कुठलाच फायदा नसलेला शू उरतो. वेगाच्या सरावाला काहीतरी हवंच असेल तर प्लेट नसलेला उसळीचा शू किंवा नायलॉनची लवचिक प्लेट असलेला शू घ्या.

शू थकल्याची खूण तळाच्या रबरावर शोधू नका, ते बरेचदा चांगलंच दिसतं. शू टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलली असेल, फोमच्या कडेला एकाच बाजूने सुरकुत्या दाट झाल्या असतील, तर तो रेसच्या कामाचा राहिलेला नाही.

१३. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला चालतील का?

चढावर फायदा थोडा कमी झाला तरी टिकतो, असं सौम्य चढाच्या चाचण्यांत दिसलं आहे. माझा आक्षेप उताराला आहे. यवतेश्वरच्या घाटातून परत येताना वळणं आहेत आणि पावसाळ्याच्या शेवटी रस्ता ओला असतो. उंच, मऊ टाचेवर ब्रेक लावत वळताना घोटा आत-बाहेर हेलकावतो. घाटात उतरण्याचा सराव याच शूजमध्ये झाला असेल आणि घोटे भक्कम असतील तरच घाला. नाहीतर रुंद तळाचे रोजचे शूज बरे.

१४. यावर बंदी आहे का? बक्षीस मिळालं तर काढून घेतील?

सरसकट बंदी नाही. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमानुसार रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि ताठ प्लेट एकच असावी. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकलेल्या डेरारा हुरिसाला बाद केलं गेलं, कारण त्याच्या शूजचा तळ ५ सेंटिमीटर जाड होता. बाजारात मिळणारे काही सरावाचे शूज या मर्यादेच्या वर आहेत. वयोगटातल्या बक्षिसाची आशा असेल तर तुमचं मॉडेल जागतिक अॅथलेटिक्सच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते रेसच्या आधी पाहून ठेवा.

१५. रेसच्या आठवड्यात पावलाच्या वर दुखायला लागलं. बिब मिळालाय, हॉटेल झालंय. काय करू?

आधी नाडी सैल करून, जीभ नीट बसवून, रोजच्या शूजमध्ये दहा मिनिटं चाला. नाडीचाच दाब असेल तर एक-दोन दिवसांत दुखणं जातं आणि हाडावर दाबल्यावर नेमकी जागा दुखत नाही. मग रोजच्या शूजमध्ये पळा, कार्बन घरी ठेवा. पण आठव्या उत्तरातल्या दोन्ही तपासण्यांत कळ एकाच जागी आली, तर रेस सोडा. शूज बदलून भागणार नाही. भेगाळलेल्या नॅव्हिक्युलरवर ४२ किलोमीटर कोणत्याच शूजमध्ये पळता येत नाहीत. डॉक्टरांची वेळ रेसनंतरची घेऊ नका, त्याच आठवड्यातली घ्या.